‘घेऊ नये’चं ‘घेऊन ये’: कीबोर्डने परस्पर बदललेले शब्द (अनुभव धागा)

पाचपाखाडी, ठाणे (धागा सुरू करताना)

मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिसेप्शनवर बसते. उपाशीपोटी करायच्या साखरेच्या तपासणीला कुणी खाऊन आलं, की बहुतेक वेळा ‘विसरलो’ असं कारण मिळतं. गेल्या महिन्यात खोपटहून आलेल्या एका काकूंनी मात्र फोनच पुढे केला. मुलीचा मेसेज होता: ‘आई, उद्या नऊला लॅबमध्ये. सकाळी चहा घेऊन ये. मी तिथेच भेटते.’ काकू चहा-बिस्किटं घेऊन आल्या होत्या. रात्रीपासूनचे किमान आठ तास उपाशी राहणं तिथेच मोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं.

मुलीने ‘घेऊ नये’ लिहायला घेतलं होतं. ती आल्यावर आम्ही तिच्याच फोनवर तेच वाक्य पुन्हा टाइप करून पाहिलं. ‘घेऊ’ झालं की वरच्या पट्टीत ‘घेऊन’ येतं. घाईत तिथे बोट पडलं, की पट्टी लगेच पुढचा शब्द सुचवते आणि त्यात ‘ये’ असतोच. ‘नये’मधला ‘ये’ डोळ्यांना ओळखीचा, म्हणून तोही घेतला जातो. लाल रेघ कुठेच नाही, कारण दोन्ही शब्द अस्सल मराठी आहेत. आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्त देण्याची तपासणीही असतेच, त्यामुळे ‘घेऊन ये’ वाचून काकूंना संशय यायचं काही कारणच नव्हतं.

मला असेच अनुभव हवे आहेत: बदललेला शब्द स्वतः बरोबर होता, पण अर्थ फिरला. आणि पाठवण्याआधी तुम्ही ते पकडता कसं?

वागळे इस्टेट

सोपं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये `Text correction` उघडा, `Auto-correction` बंद करा. मी बंद केल्यापासून एकही शब्द आपोआप बदललेला नाही. ऑफिसमध्ये सगळ्यांना हेच सांगतो.

नौपाडा, मुद्रितशोधनाचं काम

वागळेकर, इंग्रजीपुरतं तुमचं म्हणणं पटतं. मराठीत ते अर्धंच लागू पडतं. आपल्यापैकी बरेच जण इंग्रजी अक्षरांत टाइप करतात आणि कीबोर्ड त्याचं देवनागरी करतो. तिथे दुरुस्ती होतच नाही, निवड होते. `kal` लिहिलं की काल, काळ, कळ, कल हे सगळे उमेदवार उभे राहतात आणि स्पेस दाबली की पहिला आत जातो. `vel`चं वेळ किंवा वेल, `mela`चं मेळा किंवा मेला. ‘बचत गटाचा मेला’ असं लिहिलेलं पत्रक छापायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या टेबलावर आलं होतं. दुरुस्ती बंद ठेवली तरी ही निवड सुरूच राहते. इंग्रजी अक्षरांत न/ण, ल/ळ, त/ट यांतला फरक आपण देतच नाही, मग तो कीबोर्डला अंदाजानेच भरावा लागतो.

शिवाय कीबोर्ड आपल्याकडून शिकतो. चुकीचा शब्द दोन-चारदा तसाच जाऊ दिला की तो पुढच्या वेळी वर सरकतो. पट्टीतला तो शब्द दाबून धरून कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हावर ओढला की निघून जातो. हे महिन्यातून एकदा करण्यासारखं आहे.

थेट देवनागरी कळा असलेला कीबोर्ड घेतला तर न आणि ण आपल्या हातात राहतात. पण धाग्यातली ‘घेऊन’वाली चूक तिथेही होईल, कारण पट्टी तिथेही आहे.

कोपरखैरणे, शिक्षिका

मी पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकण्याआधी मोठ्याने वाचते. वर्गातल्या मुलांनाही तेच शिकवलंय. ‘काल सहल आहे’ असं तोंडातून निघालं की आपणच थांबतो. कानाला खटकलं की पकडता येतं, याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

पाचपाखाडी

बाई, काल-काळसाठी हे मी आजपासून करणार. पण ‘घेऊ नये’ आणि ‘घेऊन ये’ एकदा पटकन म्हणून पाहा. कानाला जवळपास एकच. आपल्या मनात ‘नये’ असतं, म्हणून तोंडही तसंच थांबतं. खाऊ नये–खाऊन ये, देऊ नये–देऊन ये, जाऊ नये–जाऊन ये, या सगळ्या जोड्यांचं तेच. इथे कान चकवतो, मोकळी जागाच पाहावी लागते.

म्हणून आमच्या लॅबमध्ये मी वाक्यच बदलून घेतलं. आता आम्ही ‘नये’ लिहितच नाही. ‘उपाशीपोटी या. चहा, नाश्ता काहीही घ्यायचं नाही. साधं पाणी चालेल.’ ‘घ्यायचं नाही’मधून ‘नाही’ गळलं तर वाक्य लंगडं दिसतं, वाचणारा थबकतो आणि विचारतो. शिवाय ‘उपाशीपोटी’ तीच गोष्ट दुसऱ्या शब्दात सांगतो, त्यामुळे एक बिघडला तरी दुसऱ्याशी त्याचं जुळत नाही, हे लगेच दिसतं. हे वाक्य मी कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात `upashi` या आखूड खुणेला जोडून ठेवलंय. खूण लिहिली की पट्टीत अख्खं वाक्य येतं. एकदाच नीट तपासलेलं वाक्य असल्यामुळे रोज नव्याने चुकायची भीती राहत नाही.

खारघर, निवृत्त

फार योग्य विषय काढलात. हल्लीच्या पिढीला ‘पाणी’ दीर्घ की ऱ्हस्व हेसुद्धा कळत नाही. ‘आणि’ला दीर्घ वेलांटी काढतात! शाळेत शुद्धलेखनाचे गुण पूर्वीसारखे ठेवले असते तर ही वेळ आली नसती.

पाचपाखाडी

काका, तुमची कळकळ समजते. पण काकूंच्या मुलीचं शुद्धलेखन उत्तम आहे. एकही वेलांटी चुकली नव्हती, तरी निरोप उलटा गेला.

सीवूड्स

आमच्या घरी सगळे इंग्रजी लिपीतच मराठी लिहितात आणि आयफोनचा इंग्रजी कीबोर्ड ते इंग्रजी समजून सुधारत बसतो. मुलीला `Tu ye` लिहिलं की `Tu yes` होतं. ती विचारते, कशाला यस? नवीन आयफोनवर आपोआप बदललेल्या शब्दाखाली थोडा वेळ रेघ येते आणि तिथे टॅप केलं की मूळ शब्द परत मिळतो. ते कळल्यापासून मी रेघेकडे बघूनच पाठवते. पण मराठी कीबोर्डवर मला अशी रेघ दिसली नाही. कुणाला दिसते का?

घणसोली, केटरिंग

आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. एका मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आचार्यांचे जेवण संध्याकाळी 5 वाजता’ असं छापून आलं. लोकांना वाटलं कुणी महाराज येणार आहेत. होते आमचे स्वयंपाकी. मंडळाच्या पोराने मोबाइलवर बरोबर लिहिलं होतं, मी स्वतः तो मेसेज पाहिलाय. मग मधे बदललं कुणी?

नौपाडा

हे कीबोर्डच्या पुढचं आहे, पण वरून दिसणारा प्रकार तोच. आचारी वरून ‘आचाऱ्यांचे’, आचार्य वरून ‘आचार्यांचे’. पहिल्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात. काही साध्या ‘र’ला हलन्त जोडून मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात, तिथून छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना ते चिन्ह कुठे तरी गळतं आणि र उडी मारून य वर रफार होऊन बसतो. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. दोन्ही खरे शब्द, त्यामुळे तपासनीसही गप्प.

त्यावर माझा उपाय सरळ आहे. छापायच्या अंतिम फाइलमध्ये ‘र्य’ शोधायचं आणि जिथे सापडेल तिथे एकेक पाहायचं. कार्य, सूर्य, आचार्य असे बरोबरचे शब्द भरपूर निघतात, ते सोडायचे. ‘दुसर्या’, ‘सार्या’, ‘गावकर्यांना’ निघाले की समजायचं, चिन्ह गळलंय. मग संपूर्ण मजकूर पुन्हा तपासायचा, कारण एक गळलं तर बाकीचीही गळलेली असतात. मूळ मोबाइलवरचा मेसेज बघून समाधान मानू नका, छपाईवाल्याकडून आलेलीच प्रत पाहा.

कोपरी

माझ्या सासूबाईंच्या फोनवर मी सूचनांची पट्टीच बंद केली होती. दोन दिवसांत त्यांनी टाइप करणंच सोडलं. बोटं थरथरतात, पट्टीतला शब्द उचलला की त्यांचं काम होतं. आता पुन्हा चालू केली आहे. औषधांच्या वेळा मात्र त्या फोन करूनच सांगतात. यावर कुणाकडे मधला मार्ग असेल तर हवा आहे.

वागळे इस्टेट

पट्टी ठेवून फक्त `Personalised suggestions` बंद करून बघा, शिकलेले चुकीचे शब्द तरी वर येणार नाहीत. माझ्या आईच्या फोनवर थोडा फरक पडला. ‘घेऊन’ मात्र तरीही येतंच, हे आता मीही पाहिलं.

कळवा, सोसायटीचे सचिव

आमच्या पाण्याच्या सूचनेत ‘गळती दिसल्यास कळवा’ होतं, मसुद्यात ‘गलती दिसल्यास कळवा’ उमटलं. खजिनदारांनी पाठवण्याआधी पाहिलं. तेव्हापासून सूचना ग्रुपवर जायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवर जाते. ज्याने लिहिलं नाही, तो जे आहे तेच वाचतो. तारीख आणि वेळ आम्ही अंकांत लिहितो: ‘शुक्रवार, सकाळी 7 ते दुपारी 12’. अक्षरांतल्या सात-साठ, बारा-बरा यांचा प्रश्नच मिटतो.

आणि एक गोष्ट पाठवून झाल्यानंतरची. व्हॉट्सॲपवर मेसेज सुधारता येतो, पण पहिल्या 15 मिनिटांतच. शिवाय सुधारल्याची वेगळी सूचना कुणाला जात नाही. ज्याने आधीच वाचून फोन खिशात ठेवला, त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून आम्ही जुना मेसेज तसाच ठेवतो आणि खाली नवा टाकतो: ‘दुरुस्ती: पाणी शुक्रवारी येणार नाही. वरची सूचना वाचली असेल तर ही धरावी.’ पहिल्या मजल्यावरच्या आजोबांकडे स्मार्टफोन नाही, त्यांना वॉचमन जाऊन सांगतो.