मदत हवी आहे: जिनिंग मिलचं पहिलंच ऑडिट, धंदा समजून घेताना नेमकं काय शोधायचं?

पूर्णाकाठ
नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीचं वैधानिक ऑडिट यंदा आमच्या फर्मकडे आलंय. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत नेमणूक झाली, आता जानेवारी आहे, मिल जोरात चालू आहे. सरांनी एसए ३१५ प्रमाणे धंदा समजून घ्यायचं काम माझ्याकडे दिलं. मालक आणि मुनीम यांच्याशी दोन तास बोलून मी १४ पानांची प्रश्नावली भरली. सरांनी ती परत केली. वर लिहिलंय: "हे कुठल्याही मिलचं असू शकतं. आकडा कुठे चुकू शकतो ते यात कुठेच दिसत नाही."

मला कळलेलं एवढं: कापूस बाजार समितीतून आणि खेडा खरेदीतून येतो. सीसीआयचा कापूसही जॉबवर जिन होतो. सरकी संचालकांच्या भावाच्या तेल मिलला जाते. बँकेची कॅश क्रेडिट आहे, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं. हंगामाच्या सुरुवातीला मिल रिकामी होती. ३१ डिसेंबरपर्यंत स्वतःची खरेदी ४०,००० क्विंटल, त्यातला गंजीत शिल्लक ८,००० क्विंटल. प्रेस रजिस्टरला ९,१०० गाठी.

यातून जोखीम कशी काढायची? कोणी एखादं उदाहरण करून दाखवेल का?

हिशेबनीस_बीड
ताई, जिनिंगमध्ये फार काही नसतं. उतारा ठरलेला, ३४ टक्के. ३२,००० क्विंटल जिन झाला, तर १०,८८० क्विंटल रुई. १७० किलोची गाठ धरा, ६,४०० गाठी. तुमच्याकडे ९,१०० दिसतायत, म्हणजे २,७०० गाठींचा कापूस बिनबिलाचा आलाय. वीजबिलाचे युनिट गाठींशी जुळवा, तिथंही हेच दिसेल. पुढे सगळी व्हाउचरं तपासा, ऑडिट झालं.

लातूरची_डाळ
आमच्या डाळ मिलला पण हीच कटकट आहे. तूर गोदामात तारण ठेवलीय, पावती बँकेकडे. टॅक्स ऑडिटवाले म्हणतात परिमाणाचा तक्ता द्या, चुनी आणि टरफल वेगळं दाखवा. ३सीडी मध्ये ते कुठल्या रकान्यात भरायचं?

औरंगपुरा_सीए
लातूरकर, तुमचा प्रश्न टॅक्स ऑडिटच्या फॉर्मचा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथं उत्तर देतो. ताईंचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीचा आहे: अजून काहीच तपासलेलं नसताना कुठे बघायचं हे कसं ठरवायचं.

बीडकर, गुणाकार बरोबर केलात, पण तिसऱ्या ओळीत धंदा सुटला. मिल सीसीआयचा कापूसही जिन करते. प्रेस एकच, मीटर एकच. त्या ९,१०० मध्ये सीसीआयच्या गाठी आहेत आणि त्या कंपनीच्या नाहीत. ताई, प्रेस रजिस्टरला प्रत्येक गाठीचा नंबर आणि वजन असतं. जॉबच्या गाठी वेगळ्या काढून कळवा.

पुढचं तोपर्यंत सांगतो. प्रश्नावली बाजूला ठेवा आणि कापसाच्या गाडीमागे चाला. गेटवर गाडी येते, काट्यावर चढते, गंजीवर रिकामी होते, जिनमध्ये कापसाची रुई आणि सरकी होते, रुई प्रेसला जाते, सरकी ट्रकमध्ये. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचारायची: इथला आकडा कोण लिहितो, आणि तो खोटा लिहिला तर कोणाचा फायदा? काट्यावर खरेदीचं वजन फुगू शकतं. प्रेसपाशी दुसऱ्याची गाठ आपली म्हणून मोजली जाऊ शकते. सरकीचा ट्रक भावाच्या मिलला जातो, म्हणजे भाव बाजाराने न ठरता घरात ठरू शकतो. तुमच्या सरांना कागदावर हेच हवं आहे.

हेतूही दोन्ही बाजूंनी ओढतो, हे विसरू नका. बँकेला स्टॉक जास्त दाखवावा असं मालकाला वाटतं, कारण उचल त्यावर मिळते. कर वाचवायचा असेल तर उलट, रुई गुपचूप बाहेर जाते. मालक या वर्षी कुठल्या बाजूला ओढला जातोय हे कॅश क्रेडिटच्या बँक स्टेटमेंटमध्ये दिसतं. सगळं वर्ष मर्यादेला टेकलेलं खातं असेल, तर मी आधी स्टॉक फुगलाय का ते बघेन.

पूर्णाकाठ
सर, जॉबच्या गाठी वेगळ्या केल्या. सीसीआयच्या ३,०००. स्वतःच्या ६,१००. म्हणजे ६,४०० पेक्षा ३०० कमी. बीडकरांनी जास्त म्हटलं होतं, निघाल्या कमी! मुनीम म्हणतात, यंदा उतारा पडला.

हिशेबनीस_बीड
मान्य, जॉबचं माझ्या लक्षात आलं नाही. पण उतारा पडला म्हणतात ते खरं असू शकतं. ६,१०० गाठींची रुई १०,३७० क्विंटल, म्हणजे उतारा ३२.४ टक्के पडतोय. असं होतं.

फिटर_मानवत
ताई, मी बावीस वर्षं डबल रोलर जिनवर काम करायलोय. उतारा काय दगडावरची रेघ नाही. पहिल्या वेचणीचा कापूस चांगला बसतो. फरदड आणि कवडी आली की उतारा पडतो, पण ती यायची जानेवारी-फेब्रुवारीत. डिसेंबरपर्यंत मालात फरदड कमीच असते. दुसरं, दिवाळीच्या टायमाला कापूस ओला यायलाय. सीसीआय ८ टक्क्याच्या वर ओल असली की भाव कापतं आणि १२ च्या वर घेतच नाही. व्यापारी मात्र ओलाबी घेतो, भाव पाडून. १२ चा माल गंजीत ८ वर वाळला तर शंभर क्विंटलमागं चार-साडेचार क्विंटल वजन उडून जातंय. ते चोरी नसतंय.

मुनीम कागद दाखवंल. तुमी सकाळी सहाला पाळी बदलायच्या टायमाला जावा. काट्याची वही आणि गेटची वही शेजारी ठेवून बघा, आणि गंजी कुणाची, सीसीआयची का मालकाची, हे हमालाला विचारा.

औरंगपुरा_सीए
मानवतकरांनी ओलीबद्दल सांगितलं ते फार मोलाचं आहे, आम्ही टेबलावर बसून ते कधीच धरत नाही. ३०० गाठींची तूट म्हणजे ३४ टक्के उताऱ्याने १,५०० क्विंटल कापूस, जिन झालेल्याच्या ४.७ टक्के. सगळाच माल १२ टक्के ओला आला असता तरी वाळवण तूट साडेचारच्या आत राहते. सगळा ओला नव्हता, म्हणून ओल तुटीचा काही भाग समजावते, सगळी तूट नाही.

आता सरकीकडे चला, कारण खरा साक्षीदार सरकी आहे. चांगल्या उताऱ्यात शंभर क्विंटल कापसातून ३४ रुई, साधारण ६३ सरकी आणि राहिलेली घट. ३२,००० ला सरकी २०,१६० च्या आसपास हवी. उतारा खरंच पडला असेल तर रुई घटेल पण सरकी वाढेल, पावणेपासष्ट टक्क्यांपर्यंत जाईल. कापूस मुळात कमी आलाय पण वजन फुगवून लिहिलंय, किंवा वाळलाय, तर रुई आणि सरकी दोन्ही सारख्या प्रमाणात कमी दिसतील, सरकी १९,२०० च्या जवळ. आणि सरकी पूर्ण, फक्त रुई कमी, असं असेल तर रुई कुठेतरी गेलीय. गंजीतला ८,००० चा आकडाच चुकलाय, हीही एक शक्यता. तिथं ९,५०० असेल तर सगळं आपोआप जुळतं आणि स्टॉक कमी लिहिलाय असं निघतं. म्हणून सरकीचा आकडा काढा.

रक्कम लहान नाही. ३५६ किलोच्या खंडीचा भाव ५४,००० धरला तर एक गाठ साधारण २५,८०० ची. तीनशे गाठी ७७ लाखांच्या. तुमच्या सरांनी ठरवलेली महत्त्वमर्यादा याच्यापेक्षा खाली असणार.

नवखा_नांदेड
मी आर्टिकल आहे, सर. आम्ही प्रेस रजिस्टर कधी मागितलंच नाही, फक्त बिलं आणि लेजर. खेडा खरेदीच्या पावत्यांवर मात्र सगळ्या शेतकऱ्यांच्या नावाखाली अंगठे होते आणि रोख रक्कम. ते बरोबर आहे ना? शेतकऱ्याला रोख देता येते म्हणतात.

औरंगपुरा_सीए
शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या शेतमालाला १०,००० च्या वर रोख देण्याची सूट आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला ती नाही. म्हणूनच व्यापाऱ्याचा माल शेतकऱ्याच्या नावावर लिहायचा मोह होतो, आणि कधी तर माल आलेलाच नसतो. कच्च्या कापसावर शेतकऱ्याकडून घेताना मिलने स्वतः जीएसटी भरायचा असतो. त्यामुळे शेतकऱ्यांची खरेदी किती, हे रिटर्नमध्येही दिसायला हवं. अंगठ्यांपेक्षा ही तुलना आधी करा. एकाच दिवशी एकाच गावच्या चाळीस पावत्या आणि गेटच्या वहीत त्या दिवशी चार गाड्या, असं दिसलं तर तिथं थांबा.

पूर्णाकाठ
काल सकाळी सहाला गेले होते. गेटच्या वहीत आणि काट्याच्या वहीत डिसेंबरच्या एका आठवड्यात अकरा गाड्या फक्त काट्याला आहेत, गेटला नाहीत. पहारेकरी म्हणाले, रात्री लिहायचं राहतं. दोन गंज्यांवर पाटी नाही, तिथला हमाल म्हणाला मागची सीसीआयची. मुनीम म्हणाले मालकाची.

सरकी: तेल मिलला गेलेली आणि इथं पडलेली मिळून २०,१०० क्विंटल. म्हणजे सर म्हणाले तसं, सरकी पूर्ण आणि रुई कमी. पण तेल मिलला गेलेल्या सरकीचं वजन इथल्या काट्यावर होत नाही, भावाच्या काट्याच्या पट्टीवरून लिहितात. बाजारभावापेक्षा क्विंटलमागे १५० रुपये कमी लावलाय. त्या पट्टीवर किती भरवसा ठेवायचा?

औरंगपुरा_सीए
फार चांगलं काम केलंत. आता लगेच "रुई चोरली" असं लिहू नका. नियोजनात आपण सिद्ध करत नाही, आकडा कुठे आणि कोणत्या दिशेने चुकू शकतो ते लिहितो. तीन जागा लिहा. काट्यावरची खरेदी, जी प्रत्यक्षात आली की नाही हा प्रश्न आहे. पाटी नसलेल्या गंज्या, ज्या कोणाच्या मालकीच्या हा प्रश्न आहे. भावाच्या मिलची सरकी, जिचं वजन आणि भाव दोन्ही संबंधित पक्षाच्या हातात आहेत. ३१ मार्चला गंज्यांपाशी तुम्ही स्वतः उभ्या राहा, आणि सीसीआयकडून जॉबच्या मालाचं थेट पत्र मागवा. सरकीचं वजन कमी की भाव कमी, हे वेगळं पाहा. भाव बाजारातून कळतो, वजनासाठी तेल मिलच्या पेंडीच्या आणि तेलाच्या उताऱ्यापर्यंत जावं लागेल, आणि त्या मिलची पुस्तकं तुम्हाला दाखवतीलच असं नाही.

फिटर_मानवत
गंजीतला माल मोजणार कसा? सैल कापूस आणि तुडवलेला कापूस, एवढ्याच जागेत वजन दीडपटीनं बदलतंय. मी तरी डोळ्यानं सांगणार नाही.

औरंगपुरा_सीए
हे मलाही समाधानकारक जमलेलं नाही. लांबी-रुंदी-उंची घेऊन घनफळ काढतो, आणि त्याच गंजीचा एक भाग जिनला जाताना वजन करून दर बसवतो. गंजी वरून आणि खालून सारखी दाबलेली नसते, म्हणून तरी फरक राहतोच.

हिशेबनीस_बीड
३१ मार्चपर्यंत गंजी संपेल ना? मग मोजायचा प्रश्नच नाही.

पूर्णाकाठ
मालक म्हणतात भाव वाढेपर्यंत २,००० क्विंटल तरी ठेवणार. त्यातल्या बिनपाटीच्या गंज्यांचं काय, ते सोमवारी सीसीआयच्या केंद्रावर विचारून इथं लिहिते.