उत्तर: पानांचे फोटो टंकताना शीर्षओळी, पृष्ठांक, शिक्के

> "जुन्या पुस्तकाच्या ४० पानांचे फोटो टंकतोय. वरचं प्रकरणाचं नाव, पृष्ठांक, ग्रंथालयाचे शिक्के मध्येमध्ये येतात. काढायचे कसे?"

शीर्षओळ टंकूच नका. नंतर 'शोधा-बदला'ने काढायला गेलात, तर प्रकरणाचं खरं शीर्षकही उडतं.

पृष्ठांक मात्र शेवटपर्यंत ठेवा, म्हणजे सुटलेलं किंवा दोनदा टंकलेलं पान लगेच कळतं. तो वेगळ्या ओळीवर न लिहिता मजकुरातच खुणेसह लिहा. ४६ वं पान "विद्या-"वर संपून ४७ वं "लयात"ने सुरू होत असेल, तर "विद्या##४७##लयात". तुटलेल्या शब्दाची जोडरेघ तिथेच गाळायची. "ऊन-पाऊस"सारखी मूळची असेल तर ठेवायची. शब्द तुटला नसेल तर खुणेआधी एक मोकळी जागा सोडा. एंटर फक्त नव्या पानाची पहिली ओळ आत सरकलेली असेल, तरच. क्रम तपासून झाला की नोटपॅड++ मध्ये Regular expression निवडून हे शोधा आणि बदली रिकामी ठेवा:

```
##[०-९]+##
```

नुसते `[०-९]+` शोधलंत, तर मजकुरातली सालं आणि श्लोकांक जातील.

१७, ३३, ४९ अशा पानांच्या तळाशी बारीक आकडा दिसला, तर तो बहुधा १६ पानी फर्म्याचा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक असतो. तळटीप समजून तो टंकला जातो.

शिक्का किंवा वॉटरमार्क टंकायचा नाही, पण त्याखालचा शब्द अंदाजाने भरू नका. जांभळ्या शाईचा शिक्का असेल, तर फोटोचा फक्त निळा चॅनल पाहा. शाई बरीच फिकी पडते. तरीही वाचता येत नसेल तर [अस्पष्ट] लिहा.