मदत हवी आहे: आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला ४३ जणांचा ग्रुप फोटो कसा बसवू?

ओटीवरची
पुढच्या महिन्यात गुहागरजवळच्या आमच्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. काल यादी केली, घरचेच ४३ होतात. त्यात ८ मुलं आणि ९ जण सत्तरीच्या पुढचे. बाहेरचा फोटोग्राफर आजीला नको आहे, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलंय. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि साधा ट्रायपॉड आहे.

चुलतभावाच्या लग्नातही असा फोटो मीच काढला होता. ३८ माणसं स्टेजवर उभी केली. घरी येऊन मोठा करून बघितला तर सात जणांचे नुसते केस दिसतायत, धाकटी काकू एका फेट्याच्या तुऱ्यामागे पूर्ण गायब, आणि जे दिसतायत ते सगळे पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ. काकू अजून ऐकवते.

या वेळी डोक्यात असं आहे: फोटो खळ्यात, मागे घर. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, त्यांच्यामागे एक ओळ उभी, आणि शेवटची ओळ ओटीवर. वेळ साधारण बाराची, पूजा आटोपून पानं मांडायच्या आधी. खळ्यावर झावळांचा मांडव आहे, त्यामुळे ऊन लागणार नाही. काय चुकतंय?

शटरबहाद्दर
सोपं आहे. लेन्स १८ वर, एफ १६, म्हणजे पुढून मागून सगळं शार्प. आणि सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं करा, म्हणजे कडेचे आणि मधले कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे मुंजीला २५ जण होते, बेसमेंटमध्ये. फोन टीव्हीच्या स्टँडवर ठेवून टायमर लावला. दर फोटोत कोणी ना कोणी डोळे मिटलेलं. शेवटी सासऱ्यांनी हुकूम सोडला, "सगळ्यांनी डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा." तो फोटो चांगला आला, कारण सगळे हसत होते. बाय द वे, सहस्रचंद्रदर्शन ८० पूर्ण झाल्यावर करतात की ८१? आमच्या भटजींचं म्हणणं वेगळं आहे.

ओटीवरची
८० वर्षं ८ महिने असं आमचे गुरुजी म्हणतात. पण तो वेगळा धागा काढा हो.

जुना_रोलवाला
लग्नाचे फोटो काढण्यात उमेद गेली, त्यातही कोकणातली घरं पुष्कळ. आधी जागेचं बोलू.

शेवटची ओळ ओटीवर नेऊ नका. एक तर वळचण खाली आलेली असते. ओटीवरची माणसं छपराच्या अंधारात आणि पुढची खळ्याच्या उजेडात. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो. पुढचे नीट आले तर मागचे काळे, मागचे उजळले तर आजीचं पांढरं पातळ नुसतं चुन्यासारखं. दुसरं, जोतं अडीच फूट असेल तर मागच्यांची डोकी एकदम अडीच फूट वर जातात आणि मध्ये नुसती पोटं आणि कंबरपट्टे दिसतात. सगळे सावलीत नाहीतर सगळे उजेडात. सावलीची रेघ माणसांमधून जाता कामा नये.

मांडवाचंही तेच. बाराच्या उन्हात झावळांतून कवडसे पडतात. एकाच्या नाकावर, एकीच्या कपाळावर. उन्हापेक्षा ते वाईट. वरून निळी ताडपत्री टाकायचा मोह होईल, टाकू नका, सगळ्यांचे चेहरे निळे येतील.

घराचं तोंड कुठे आहे आणि ओटीपासून समोर किती जागा आहे ते सांगा.

ओटीवरची
तोंड पश्चिमेला. ओटीपासून तुळशीवृंदावन २६ फुटांवर, अगदी मधोमध. त्याच्यामागे लगेच गडगा.

जुना_रोलवाला
मग वेळ ठरलीच. सकाळी ऊन घरामागून येतं आणि घराची सावली खळ्यात पडते. ती वृंदावनापर्यंत पोचते तेवढा वेळ तुमचा. कॅमेरासुद्धा सावलीतच हवा, नाहीतर कौलांवरून येणारं ऊन लेन्समध्ये घुसून सगळं फिकट करतं. संध्याकाळी उलट, सगळे सूर्याकडे बघून डोळे बारीक करतील. म्हणजे फोटो पूजेआधी, नऊच्या आसपास. मात्र मांडवाखालून बाहेर या, किंवा सकाळी तिथे कवडसे पडत नाहीत याची खात्री करा.

आता माणसं. मुलं ८ सतरंजीवर, खुर्च्यांवर ९, त्यांच्यामागे १३ जमिनीवर उभे, आणि शेवटचे १३ बाकांवर उभे. जेवणाची बाकं साधारण दीड फूट उंच असतात. हनुवटीपासून टाळूपर्यंत माणसाचा चेहरा जेमतेम नऊ इंच, त्यामुळे मागच्याचा चेहरा आणि थोडी छाती व्यवस्थित वर येते. बाकावर फक्त तरणी मंडळी. सारवलेल्या जमिनीवर बाक डुगडुगतो, आधी खाली चिपा घाला.

फेटेवाले सगळे शेवटच्या ओळीत. फेटा म्हणजे डोक्यावर अर्धा फूट आणि वर तुरा. तुमची काकू तिथेच गेली.

समोर तोंड करून ताठ उभा माणूस दीड-पावणेदोन फूट जागा घेतो. तेराजण तसे उभे राहिले तर रांग २०-२२ फुटांची. त्यांना मध्याकडे जरासं वळवा, एक खांदा शेजारच्याच्या मागे, वजन मागच्या पायावर. रांग १७-१८ फुटांत बसते. ताठपणाही यातूनच जातो. समोर तोंड केलं की माणूस सावधान होतोच.

शटरबहाद्दर
पण एफ १६ आणि अर्धवर्तुळाचं काय?

जुना_रोलवाला
अर्धवर्तुळ लांबून चालतं. १८ वर नाही. १८ मिमीला कडेची माणसं आधीच रुंद येतात, त्यात तुम्ही त्यांना वळवून कॅमेऱ्याजवळ आणलंत. कडेच्या दोन्ही माम्या बोलणार नाहीत तुमच्याशी.

लेन्स २४ वर ठेवा. या कॅमेऱ्यांत २४ वर जितकं अंतर, साधारण तितकीच रुंदी चौकटीत येते. पहिली ओळ कॅमेऱ्यापासून २० फुटांवर आली की २० फूट रुंदी मिळते, १७-१८ फुटांची रांग आरामात बसते. अंतर मात्र जरा ओढाताणीचं आहे. चार ओळींना सहा-सात फूट खोली लागेल, आणि २६ मधून ती गेली की २० उरत नाहीत. म्हणून कॅमेरा वृंदावनाच्या मागे, गडग्याला टेकवून, आणि वृंदावनाच्या वरून. तशीही उंची हवीच आहे. भक्कम टेबलावर ट्रायपॉड, लेन्स सात फुटांवर, किंचित खाली झुकलेली. वरून बघितलं की प्रत्येक मागची ओळ पुढच्या ओळीच्या वर आणखी उघडते, आणि सगळे मान जरा वर करतात म्हणून हनुवट्याही सुटतात. टेबलाला एक माणूस धरायला ठेवा.

एफ १६ ची गरजच नाही. २४ मिमी, २० फूट अंतर, एफ ५.६: दहा-बारा फुटांपासून पुढे सगळं शार्प असतं. फोकस दुसऱ्या ओळीवर. एफ १६ ला सावलीत शटर इतकं हळू होतं की मुलं हलून धूसर येतात. १/२०० ठेवा आणि आयएसओ लागेल तेवढा वाढवा.

बेरीजवजाबाकी
डोळे मिटण्यावर खरंच काम झालंय. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी गणित मांडलं आणि २००६ चं इग नोबेल मिळवलं. चांगल्या उजेडात माणसं भागिले तीन एवढे फोटो काढा. ४३ ला १४-१५ झाले, संपला प्रश्न.

जुना_रोलवाला
तो हिशोब वीसपेक्षा कमी माणसांसाठी आहे. माणसं पन्नासच्या आसपास गेली की सगळ्यांचे डोळे एकाच वेळी उघडे मिळायची आशाच सोडा, असंही त्यांनीच म्हटलंय. तिथे ट्रायपॉड उपयोगी पडतो. कॅमेरा हलला नाही तर वीस फोटोंपैकी एक चांगला निवडून दुसऱ्या फोटोतला एखाद-दुसरा चेहरा त्यावर लावता येतो. पण माणसं जागची हलली नसली तरच.

ओटीवरची
सगळं पटलं. अडचण एकच, नऊला ४३ माणसं तयार? घरात दोन न्हाणीघरं आहेत! आणि सगळे दिसतायत की नाही हे टेबलावरून मला कळणार कसं?

जुना_रोलवाला
एकेकाला विचारत बसू नका. मोठ्याने सांगा, "दोन्ही डोळ्यांनी लेन्स दिसत नसेल त्याने हात वर करा." एकाच डोळ्याला दिसतेय म्हणजे चेहरा अर्धा झाकलाय. हात वर आला की त्याने दोन खांद्यांच्या फटीत सरकायचं.

क्रम उलटा ठेवा. बाकांवरचे आधी, मग उभी ओळ, मग खुर्च्यांवर म्हातारी माणसं, आणि मुलं अगदी शेवटी. आदल्या संध्याकाळी पाच-सहा भावंडांना घेऊन जागा ठरवा, खुर्च्यांच्या पायांना रांगोळीचे ठिपके. माणसं ताठ होतात ती वाट बघून बघून. सगळं सात-आठ मिनिटांत झालं पाहिजे. आणि "झालं" म्हटल्यावर बटण सोडू नका. त्या पुढच्या पाच सेकंदांत कोणीतरी काहीतरी बोलतं, आजी वळून बघते. माझे निम्मे चांगले ग्रुप फोटो "झालं"नंतरचे आहेत.

मोगरा७२
धागा वाचत होते, एक विचारू? आमच्याकडे विधवा आत्या दर फोटोत आपणहून मागे कडेला जाते. बोलावलं तर ओशाळते. अशा वेळी तुम्ही काय करता?

जुना_रोलवाला
मी बाहेरचा माणूस, मी फार तर "ताई, इथे उजेड चांगला आहे" म्हणतो. कधी येतात, कधी नाही.

ओटीवरची
आमच्याकडे मधली काकू तशीच. आजीच्या शेजारची खुर्ची तिची, असं मी आधीच आजीला सांगून ठेवणार आहे. आजीने हाक मारली तर ती नाही म्हणणार नाही. म्हणजे बहुतेक.

ओटीवरची (दहा दिवसांनी)
शनिवार-रविवार घरी जाऊन आले. सावली ९:२० पर्यंत वृंदावनावर होती, मग भराभर सरकली. मांडवाची पुढची बाजू गुरुजींच्या परवानगीने आठ फूट मोकळी ठेवतोय. बाकं दोन मिळाली, तिसरा डुगडुगता आहे. दहा सेकंदांच्या टायमरमध्ये टेबलावरून उतरून मी रांगेत पोचत नाही, दोनदा धडपडले, त्यामुळे आता फोनवरून बटण दाबणार. अंघोळींचं वेळापत्रक आत्याकडे दिलंय. तिने पहिलंच नाव माझं लिहिलंय, पहाटे साडेचार.