शब्दचर्चा : प्रबंधातली ‘थीम’ म्हणजे विषय की आशयसूत्र?

शोधयात्री : प्रकल्प व्यवस्थापक रोजचं काम प्रत्यक्षात कसं करतात, यावर मराठीत प्रबंध लिहिते आहे. 14 मुलाखती शब्दशः उतरवून काढल्या, त्यांतल्या तुकड्यांना कोड दिले आणि आता थीम बांधते आहे. ‘कोड’साठी संकेत आणि ‘थीम’साठी विषय हे शब्द घेतले. माझे विषय चार : संवाद, जोखीम, वेळापत्रक, हितधारक. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, “हे विषयच आहेत, थीम नाहीत.” माझा शब्द चुकला की काम?

अर्धविराम : कोडिंगच्या मुलाखतीत आधी प्रश्न नीट समजून घ्या, मग उत्तर लिहायला लागा. ‘थीम’ कुठून आली ते मात्र कळलं नाही.

शोधयात्री : नोकरीची मुलाखत नाही हो. लोकांचं बोलणं वाचून त्यातल्या अर्थाला नाव देणं, तेही कोडिंगच.

जुनी वही : शब्दानेच काम चुकवलंय असं मला वाटतं. ‘विषय’ म्हटलं की आपण खण करतो आणि त्यात जे बसेल ते टाकतो. मुलाखतीला नेलेल्या प्रश्नावलीत हेच चार मथळे होते का, ते बघा. असतील, तर विश्लेषण अजून सुरूच झालेलं नाही. उत्तरं फक्त प्रश्नांखाली लावून ठेवली आहेत. साहित्यसमीक्षेत ‘आशयसूत्र’ रुळलेला आहे, तो घ्या. सूत्र म्हटलं की काहीतरी ओवलेलं असावं लागतं. ‘जोखीम’ खाली टाकलेला एखादा तुकडा इथे द्याल?

शोधयात्री : मथळे तेच होते. हा घ्या तुकडा : “जोखमीच्या नोंदवहीत मी तीच जोखीम लिहितो जिच्यावर माझ्याकडे उपाय आहे. उपाय नसलेली लिहिली की अख्खी बैठक तिच्यावरच जाते.” कोड : जोखीम.

जुनी वही : बघा, एवढं सांगणाऱ्या माणसाला एक शब्द देऊन तुम्ही गप्प केलंत. मूळ तुकडा झाकून कोड वाचायचा आणि काय म्हटलं होतं ते आठवतं का बघायचं. ‘जोखीम’ वाचून काही आठवत नाही. ‘उपाय असेल तीच जोखीम नोंदवणे’ वाचून सगळं आठवतं. कोडमध्ये क्रियापद आलं की बहुधा हे साधतं. आता ‘संवाद’मध्ये याचा भाऊबंद शोधा.

शोधयात्री : सापडला. “अहवालात हिरवं दाखवतो, आतून लाल असतं. आम्ही त्याला कलिंगड म्हणतो. तोडगा हाती आला की मग लाल करतो.”

जुनी वही : याला ‘कलिंगड’ हाच कोड द्या, बोलणाऱ्याचाच शब्द आहे. एक तुकडा जोखमीच्या खणात, दुसरा संवादाच्या. पण दोन्ही सांगतात एकच : अडचण वर जाते ती तोडगा सोबत असेल तेव्हाच. हे आशयसूत्र. हे पूर्ण विधान आहे, म्हणून कोणी खोडूही शकतं. ‘संवाद’ कोण खोडणार? आता उलट बोलणारं कोणी आहे का, ते मुद्दाम शोधा.

मोजपट्टी : निम्म्याहून जास्त मुलाखतींत आलं तरच थीम धरायची. शिवाय दोघांनी वेगवेगळं कोडिंग करून, त्यांचा मेळ मोजणारा कप्पा हा आकडा 0.8 च्या वर हवा.

जुनी वही : दोघांतला मेळ मोजणारी पद्धत आहे, आणि ती घेतली असेल तर कप्पा हवाच, आकडा कुठे धरायचा यावर मतभेद आहेत. पण ब्राउन आणि क्लार्क या संशोधिकांची थीम बांधण्याची पद्धत वाचणाऱ्याच्या दृष्टीला अर्थ लावण्याचा भाग मानते, तिथे कप्पा गैरलागू ठरतो. निम्म्याचा नियम तर त्यांच्या 2006 च्या लेखातही नाही. किती जणांनी म्हटलं यावर थीम ठरत नाही, असंच त्या सांगतात. शोधयात्री, पद्धतीच्या प्रकरणात कोणती लिहिली आहे?

शोधयात्री : ब्राउन-क्लार्क. आणि उलट बोलणारी एक सापडली. ती पहिल्याच आठवड्यात लाल दाखवते, कारण करारात तशी अट आहे. सूत्र मोडलं का?

जुनी वही : मोडलं नाही, त्याची हद्द कळली. ‘सांगायचं केव्हा हे व्यवस्थापकावर सोपवलेलं असतं, तिथे अडचण तोडग्यासकटच वर जाते’ असं लिहून सगळ्या 14 मुलाखती पुन्हा वाचा. पण एकाच मुलाखतीवरून घातलेली हद्द आहे, हेही लिहा. आणखी एक : “थीम समोर आल्या” असं लिहू नका. त्या तिथे तयार पडलेल्या नव्हत्या. ‘बांधल्या’ लिहा, म्हणजे कोणी बांधल्या हे सांगावं लागतं.

मोजपट्टी : ‘बांधल्या’ वाचून परीक्षक म्हणतील, मनाने रचल्या.

जुनी वही : म्हणून तर सूत्राची वाट परीक्षकाला तुकड्यापर्यंत मागे चालता यायला हवी. क्रियापद बदलून ते झाकू नये.

शोधयात्री : आशयसूत्र पटलं. ‘संकेत’चं काय?

जुनी वही : मला नको वाटतो. संकेत म्हणजे आधीच ठरलेली खूण. इथे ती वाचता वाचता ठरते. मी ‘कोड’च ठेवतो.

मोजपट्टी : मग थीमलाही ‘थीम’च का नको? कोडसाठी मला ‘अर्थखूण’ बरा वाटतो.

शोधयात्री : अर्थखूण घेऊन दोन मुलाखतींचं कोडिंग नव्याने करून बघते. शब्द हाताला बसला तर इथे सांगेन.