शब्दचर्चा: उदासीनता वक्र की समवृत्ती वक्र?

निशिगंध: मुलगी बी.ए.ला आहे. प्रश्न असा होता: वडापाव 20 रुपये, चहा 10 रुपये, जवळ 240 रुपये. समाधान म्हणजे वडापावांची संख्या गुणिले चहाची संख्या. आकृती काढून ग्राहकाचा समतोल दाखवा. तिनं 240 रुपयांत येणाऱ्या जोड्यांची रेषा बरोबर काढली, सारखं समाधान देणाऱ्या जोड्यांचा वक्रही सुबक काढला, पण वक्र रेषेला दोन ठिकाणी छेदत होता. त्यातला 8 वडापाव, 8 चहा हा बिंदू तिनं समतोल म्हणून दाखवला. अर्धे गुण गेले. ती म्हणते, "वक्राचं नावच उदासीनता, म्हणजे ग्राहकाला कशाचंच काही नाही. मग कुठलाही बिंदू चालेल." चूक तिची आहे की शब्दाची?

भीमथडी: शब्दाचीच. उदासीन म्हटलं की आपल्याला उदास माणूस दिसतो. आमच्या वेळी समवृत्ती वक्र म्हणायचे. वृत्ती सारखी, समाधान सारखं, विषय संपला. खरं तर सरळ समसमाधान वक्र म्हणावं.

जुना मास्तर: उदासीनवर इतका राग नको. उद् आणि आसीन, म्हणजे बाजूला बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलात उदासीन राजा असतो, तो काही खिन्न नसतो. दोघांच्या भांडणाबाहेर असतो. इथलाही अर्थ तोच: दोन जोड्यांपैकी कुठलीही दिली तरी ग्राहकाची तक्रार नाही. वडापावाबद्दल तो अजिबात उदासीन नाही, जास्त मिळाला तर त्याला हवाच आहे.

समसमाधानला माझा विरोध आहे. त्या शब्दानं समाधान मोजता येतं असं वाटतं. हिक्स आणि ॲलन यांनी 1934 साली हे विवेचन मांडलं, त्यात समाधानाचं माप लागतच नाही. कुठली जोडी वरची, कुठली खालची, एवढा क्रम कळला की पुरे.

आता मुलीच्या आकृतीकडे येतो. तिचा वक्र 64 समाधानाचा आहे. त्यावर 4 वडापाव, 16 चहा ही जोडी आहे आणि 8-8 हीसुद्धा. दोन्हींचा खर्च बरोबर 240, म्हणून रेषा तिथं वक्राला छेदते. या दोन जोड्यांमध्ये ग्राहक उदासीन आहे, इथवर मुलगी बरोबर आहे. पण 4-16 वर उभं राहून बघा. एका जास्तीच्या वडापावासाठी तो साधारण 4 चहा सोडायला तयार आहे आणि टपरीवर 2 चहाच्या पैशात वडापाव मिळतो. मग तो तिथं थांबेल कशाला? रेषेवरून सरकत 6 वडापाव, 12 चहा इथं येईल. खर्च तोच 240, समाधान 72. इथं त्याची तयारीही 2 चहाची आणि बाजारभावही 2 चहाचा. 72 च्या वक्रावरचे शेजारी तपासा: 4-18 ला 260 रुपये लागतात, 8-9 ला 250. म्हणजे हा वक्र रेषेला एकाच ठिकाणी टेकतो. छेद दिसला की वर अजून जागा आहे असं समजावं. समतोल स्पर्शबिंदूवर असतो.

निशिगंध: म्हणजे आधी रेषा काढून मग तिला टेकणारा वक्र शोधायचा. ती एक वक्र काढून थांबली होती.

शाईचा डाग: मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासतो. एकाच प्रकरणात उदासीनता, तटस्थता आणि समवृत्ती असे तिन्ही शब्द आलेले पाहिलेत. विद्यार्थ्याला ते तीन निराळे वक्र वाटतात. रेषेचंही तेच: किंमत रेषा आणि अंदाजपत्रक रेषा. मला अंदाजपत्रक पटतं. जवळ 240 ऐवजी 300 रुपये आले तर भाव तेच राहूनही रेषा बाहेर सरकते. तिला किंमत रेषा कसं म्हणणार?

जुना मास्तर: पण तिचा उतार भावांवरूनच ठरतो, म्हणून ते नाव पडलं. मी दोन्ही चालवून घेईन, फक्त एका उत्तरपत्रिकेत एकच वापरावं.

भीमथडी: बरं, माझंच घ्या. मी चहा घेतच नाही. मला 6-12 सांगितलं तर मी काय करू त्या बारा चहांचं?

जुना मास्तर: प्रश्नात समाधान कसं ठरतं ते दिलं आहे, तो ग्राहक तुम्ही नाही. तुमचे वक्र वेगळेच निघतील. वडापाव आडव्या अक्षावर घेतले तर ते सरळ उभ्या रेषा होतील आणि तुम्ही 12 वडापाव, शून्य चहा इथं थांबाल. तिथं स्पर्श नाही, तयारी आणि बाजारभाव यांची बरोबरीही नाही, तरी समतोल आहे. स्पर्शाची अट लावताना वक्र आरंभबिंदूकडे फुगलेला आहे ना आणि दोन्ही वस्तू घेतल्या जातात ना, हे आधी बघावं लागतं.

शाईचा डाग: अशा समतोलाला मराठीत काय म्हणायचं? कोपऱ्यातला समतोल मी छापलेला पाहिला आहे, पण आकृतीत तो बिंदू कोपऱ्यात नसतो, रेषेच्या टोकाला असतो.

भीमथडी: मग टोकाचा समतोल.

जुना मास्तर: टोकाचा म्हटलं की अतिरेकी वाटतं. अक्षावरचा समतोल चालेल का? मला तोही पुरता पटलेला नाही.