अनुभव धागा: सोसायटीच्या गणपतीत निवेदनाची पहिली वाक्यं

बेळगावच्या हिंदवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटात यंदा सांस्कृतिक कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे आलंय. निम्मी घरं मराठी, निम्मी कानडी. आरती नुकतीच संपलेली असते, प्रसाद वाटप चालू असतं, पोरं खुर्च्यांमधून पळत असतात आणि तेवढ्यात सुरुवात करायची असते. त्या पहिल्या मिनिटात तुम्ही काय बोलता? बोललेली वाक्यं जशीच्या तशी लिहा की.

टिळकवाडी, निवृत्त शिक्षिका
माझं पहिलं वाक्य कामाचं नसतंच. लोक अजून बोलत असतात, ते वाक्य वाहून जातं. म्हणून आधी नुसतं ‘नमस्कार’ म्हणते, थांबते, माना वळल्या की पुन्हा म्हणते. गेल्या वर्षीचं बोलणं असं होतं:

“एल्लरिगू नमस्कार! पुढच्या रांगेला नमस्कार, मागच्या रांगेला नमस्कार, आणि गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे आहेत त्यांना खास नमस्कार. खाली या, कपासकट चालेल. आपले बाप्पा तीन दिवस झाले तळमजल्यावर बसलेत. पाण्याची तक्रार नाही, लिफ्टची तक्रार नाही. असा सभासद आपल्या सोसायटीला पहिल्यांदाच मिळालाय! वाहनसुद्धा बघा, पार्किंगच्या रेषेच्या आत लावलंय. आता पडद्यामागं आपले छोटे मावळे उभे आहेत. त्यांच्या पुठ्ठ्याच्या तलवारी वाकायच्या आत त्यांना बोलावू या!”

लिफ्ट, पाणी, पार्किंग सगळ्यांचं असतं, म्हणून सगळे हसतात. तक्रार कुणाची, गाडी कुणाची, हे कधीच सुचवायचं नाही. एका घराकडं माना वळल्या की ते घर उरलेला कार्यक्रम हसत नाही. शेवटचं वाक्य पहिल्या कार्यक्रमाला धरून असावं, म्हणजे टाळ्या थेट मुलांना मिळतात. त्याआधी विंगेत नजर टाकून मुलं खरोखर उभी आहेत का बघा. एखाद्याचा फेटा बांधायचा राहिला असेल तर गॅलरीवाल्यांना आणखी एकदा हाक मारता येते.

निपाणी
चारोळीशिवाय सुरुवात म्हणजे फिकी! यमक आलं की टाळी येते, आमच्याकडं दरवर्षी येते. चार ओळी पाठ करा आणि मोठ्यानं म्हणा.

टिळकवाडी, निवृत्त शिक्षिका
टाळी येते हे खरं. पण त्या गोंगाटात पहिल्या दोन ओळी ऐकूच जात नाहीत आणि यमक तर चौथ्या ओळीत असतं. चारोळी दुसऱ्या कार्यक्रमाच्या आधी ठेवा, तेव्हा लोक ऐकायला बसलेले असतात.

खानापूर
आमच्यात देणगीदारांच्या नावांवरून वाद होतो. पाहुण्यांचा सत्कार आधी की देणगीदारांचा? नावं कशी लावायची तेवढं सांगा कुणीतरी.

शहापूर, साउंडचं काम
सत्काराचा प्रश्न वेगळा हो, पण नावं सुरुवातीला नकोतच. एक नृत्य होऊन जाऊ दे, मग सत्कार घ्या, लोक जागचे हलत नाहीत. रात्री दहाला स्पीकर बंद करावाच लागतो. सुरुवातीला सत्कारात अर्धा तास गेला की शेवटचं नाटुकलं कापलं जातं आणि त्यातली पोरं रडायलेत.
माइकचं सांगतो. तोंडापासून तीन-चार बोटं लांब धरा, हसताना तोंड फिरवू नका. “हॅलो हॅलो, चेक” हे लोक यायच्या आधी आटपा. ते ऐकलं की लोकांना वाटतं अजून वेळ आहे, आणि परत गप्पा सुरू. स्टेजवर माइक शिट्टी मारायला लागला तर स्पीकरपुढून बाजूला सरका, हातानं माइकचं तोंड झाकू नका. झाकलं की शिट्टी वाढते.

अनगोळ, माहेर धारवाडचं
सोसायटीत सून म्हणून आले तेव्हा निवेदन सगळं मराठीत असायचं. एका वर्षी निवेदिकेनं मधेच “ऊटा आतेन्री?”, म्हणजे जेवण झालं का, असं विचारलं आणि मागच्या तीन रांगांतून “आत्रीऽ” आलं. आमच्या सासूबाईही कानडीतच ओरडल्या! मात्र तेच वाक्य दोन्ही भाषांत परत सांगू नका. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की ज्यांना पहिल्यांदा कळला ते मोबाइल काढतात. नमस्कार कानडीत, विनोद मराठीत, पुढच्या कार्यक्रमाचं नाव दोन्हीत, एवढं पुरतं.

वडगाव
मला हे पटत नाही. आमच्या मंडळात मराठीतच निवेदन होतं, शेजारचे कानडी लोक मजेत ऐकतात, त्यांना समजतं की सगळं. उगाच एक वाक्य घातलं तर उपचार केल्यासारखं वाटतं.

अनगोळ, माहेर धारवाडचं
समजतं हो, मराठी इथं सगळ्यांनाच समजतं. पण समजणं वेगळं आणि आपल्याला हाक मारली असं वाटणं वेगळं. तुमच्या मंडळातल्या कानडी काकूंना एकदा विचारून बघा.

हिंदवाडी
लिफ्टचं वाक्य घेतेय. पण आमची लिफ्ट गेला महिना खरंच बंद आहे आणि सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसणार. तरी बोलू काय?

टिळकवाडी, निवृत्त शिक्षिका
मग लिफ्ट नको, पार्किंगवरच बोला. सहाव्या मजल्यावरच्या आजी जिने उतरून आलेल्या असतील, त्यांना तेवढं मनापासून ‘या, बसा’ म्हणा.