फेब्रुवारीच्या २८ दिवसांचं खापर ऑगस्टसवर का फोडायचं?

सईची आई: मुलीला शाळेत सांगितलं की ऑगस्टस बादशहाला त्याच्या महिन्यात ३१ दिवस हवे होते, म्हणून त्याने फेब्रुवारीचा एक दिवस काढून घेतला. ही गोष्ट मुलांना शिकवू नये असं माझं मत आहे. डिसेंबर एके काळी दहावा होता हे मला माहीत आहे. पण महिने असे लहानमोठे झाले कशामुळे?

गावकुस: शिकवायला काय हरकत आहे? सीझरने ३१, ३० असा नीट एकाआड एक क्रम लावला होता. ऑगस्टसने तो बिघडवला. आम्हीही हेच शिकलो, आणि लक्षात राहतं.

पुराणवस्तू: लक्षात राहतं हे खरं, पण ते चूक आहे. हा एकाआड एकचा क्रम तेराव्या शतकात पॅरिसला शिकवणाऱ्या साक्रोबोस्कोच्या ग्रंथातून पसरला. इटलीत आंत्सिओला १९१५ साली भिंतीवर रंगवलेल्या एका रोमन कॅलेंडरचे तुकडे सापडले. ते सीझरच्या सुधारणेआधीचं आहे. प्रत्येक महिन्याच्या रकान्याखाली दिवसांची संख्या लिहिलेली, आणि फेब्रुवारीखाली तेव्हाच २८!

आता कारण. रोमन लोक सम संख्या अशुभ मानत. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, ते त्यांनी ३५५ केलं. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरला ३१, बाकीच्यांना २९. पण बारा विषम संख्यांची बेरीज नेहमी सम येते, ३५५ कधीच येणार नाही. म्हणजे एका महिन्याला सम संख्या घेणं भागच होतं. ती फेब्रुवारीला दिली, कारण तो शुद्धीचा आणि पितरांचा महिना होता.

मध्यान्ह: मला वाटतं खरं कारण सूर्य आहे. आपल्या राष्ट्रीय शक दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे आहेत, कारण जुलैच्या सुमारास पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि सावकाश फिरते. १९५७ पासून ती चालू आहे, पण वापरतो कोण? मी पत्रांवर हीच तारीख घालतो.

पुराणवस्तू: शक दिनदर्शिकेपुरतं अगदी बरोबर. पण रोमन आकड्यांमागे ते कारण नाही. तसं असतं तर ऐन थंडीतल्या डिसेंबर-जानेवारीला ३१ दिवस मिळाले नसते.

सईची आई: मग २९ चे ३० आणि ३१ कधी झाले?

पुराणवस्तू: इ.स.पू. ४५ मध्ये. सीझरला ३५५ चे ३६५ करायचे होते, म्हणजे दहा दिवस वाटायचे होते. जानेवारी, सेक्स्टिलिस म्हणजे आताचा ऑगस्ट, आणि डिसेंबरला दोन-दोन, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरला एक-एक. फेब्रुवारीच्या विधींना धक्का नको म्हणून तो तसाच ठेवला. म्हणजे सेक्स्टिलिस तेव्हाच ३१ चा झाला. इ.स.पू. ८ मध्ये त्याला ऑगस्टसचं नाव मिळालं, दिवस नाही.

याची खूण तारखांतच राहिली. महिन्याच्या मध्याला रोमन लोक ‘आयडस’ म्हणत. जुन्या चार मोठ्या महिन्यांत तो १५ तारखेला यायचा, बाकीच्यांत १३ ला. नव्याने ३१ चे झालेल्या महिन्यांतही तो १३ लाच राहिला, कारण सण हलू नयेत म्हणून सीझरने वाढीव दिवस महिन्याच्या शेवटाकडे घातले. सीझरचा खून १५ मार्चला झाला, तोच मार्चचा आयडस. जानेवारीतही ३१ दिवस, पण त्याचा आयडस १३ ला. त्या चार महिन्यांचा मोठेपणा सीझरपूर्व आहे हे यावरून ओळखता येतं.

गावकुस: बरं, ऑगस्टसला सोडा. पण रोमचं सुरुवातीचं दहा महिन्यांचं वर्ष तरी खरं ना? ३०४ दिवसांचं, आणि हिवाळ्यातले उरलेले दिवस बिननावाचे.

उलटतपासणी: माझा त्यावर विश्वास नाही. सप्टेंबर ते डिसेंबर ही नावं लॅटिनमधल्या सात ते दहा या आकड्यांवरून आली, त्यावरून वर्ष मार्चला सुरू व्हायचं एवढंच कळतं. बारा महिन्यांचं वर्ष मार्चपासून मोजलं तरी डिसेंबर दहावाच येतो. लीप वर्षाचा वाढीव दिवस फेब्रुवारीत का, याचंही उत्तर तेच: तो वर्षाचा शेवटचा महिना होता. रोमन लेखक सेन्सोरिनस सांगतो की रोममध्ये पहिल्यापासून बारा महिने होते असं लिसिनियस मॅकर आणि फेनेस्टेला या रोमन इतिहासकारांचं म्हणणं होतं. म्हणजे खुद्द रोमनांतच एकमत नव्हतं.

पुराणवस्तू: पण तोच सेन्सोरिनस रोमन विद्वान वारोच्या बाजूने, म्हणजे दहा महिन्यांच्या बाजूने कौल देतो. आणि रोमन विधवेचा सुतकाचा काळ दहा महिन्यांचा होता, तो कुठून आला? आकड्यांची नावंही दहावरच का थांबली?

उलटतपासणी: सुतक गरोदरपणाच्या हिशोबानेही दहा महिन्यांचं असू शकतं, रोमन कवी ओव्हिड दहा महिन्यांच्या वर्षाची कारणं म्हणून गरोदरपण आणि सुतक दोन्ही सांगतो. नावांचं म्हणाल तर पहिल्या चार महिन्यांनाही आकडे नाहीत, मग शेवटच्या दोघांनाच का असावेत? ३०४ दिवसांचं वर्ष दाखवणारा एखादा कोरीव लेख मिळाला तर मी माझं मत बदलेन.

सईची आई: आंत्सिओच्या कॅलेंडरचा फोटो मी शाळेत नेऊन बाईंना दाखवणार आहे. दहा महिन्यांचा वाद मुलांसमोर वाद म्हणूनच ठेवा, असंही त्यांना सांगेन.